कुलूप न उघडता हिशेब: होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९७८ साली रॉन रिव्हेस्ट, लेन एडलमन आणि मायकेल डेर्टूझस या तिघांनी कर्ज देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं उदाहरण घेऊन एक प्रश्न मांडला. कंपनीकडे स्वतःचा मोठा संगणक नाही, ती दुसऱ्याच्या संगणकावर वेळ भाड्याने घेते. कर्जदारांची माहिती तिथे एन्क्रिप्ट करून ठेवली तर ती सुरक्षित राहील. पण मग सरासरी थकबाकी किती, पाच हजार डॉलरच्या वरची कर्जं किती, असे साधे हिशेबही त्या संगणकाला करता येणार नाहीत. हिशेबासाठी माहिती उघडावी लागणार, आणि उघडली की ती संगणकाच्या मालकाला दिसणार. मग न उघडताच हिशेब करता येईल का?

उत्तर मिळायला ३१ वर्षं लागली. २००९ मध्ये स्टॅनफर्डला पीएच.डी. करणाऱ्या क्रेग जेंट्रीने असा हिशेब, आणि तोही कुठलाही हिशेब, तत्त्वतः शक्य असल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून या विषयावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, आता क्लाउडवर काहीही ठेवा, काळजी मिटली. दुसरं म्हणतं, हे लाखो पटींनी मंद आहे, प्रयोगशाळेबाहेर कधी येणारच नाही. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्ही चुका एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात: सर्व्हरला काहीही कळू द्यायचं नाही, ही अटच या पद्धतीची किंमत ठरवते.

गैरसमज: सर्व्हर आतल्या आत माहिती उघडतो, हिशेब करतो आणि पुन्हा बंद करतो

तसं होत नाही. सर्व्हरकडे माहिती उघडणारी किल्लीच नसते. हे पटवून घ्यायला शाळेतला भागाकार पुरतो. २०१० मध्ये व्हॅन डाइक, जेंट्री, हलेवी आणि वैकुंठनाथन यांनी निव्वळ पूर्णांकांवर चालणारी एक पद्धत मांडली. तिचं छोटं रूप असं आहे:

```
c = p·q + 2r + m
m = (c mod p) mod 2
```

इथे `m` म्हणजे लपवायचा बिट, ० किंवा १. `p` ही गुप्त किल्ली, एक विषम संख्या. `q` आणि `r` दर वेळी नव्याने, यदृच्छेने निवडायचे. त्यातला `r` लहान ठेवायचा. या `2r + m` एवढ्या छोट्या भरीला नॉइज म्हणतात.

समजा किल्ली १००१ आहे. पहिला बिट १ लपवण्यासाठी `q` ५७ आणि `r` ३ घेतले, तर ५७,०६४ ही संख्या मिळते. दुसराही बिट १ आहे. त्याच्यासाठी `q` ८३ आणि `r` २ घेतले, तर ८३,०८८ मिळते. सर्व्हरला दिसतात त्या फक्त या दोन संख्या. त्याने त्यांचा गुणाकार केला: ४,७४,१३,३३,६३२. हे उत्तर आपल्याकडे आलं, आपण १००१ ने भागलं, बाकी ३५ उरली. ३५ विषम, म्हणून बिट १. एक गुणिले एक, एक. बेरीज केली असती तर १,४०,१५२ आली असती. १००१ ने भागून बाकी १२ उरते, १२ सम, म्हणून बिट ०. दोन बिटांची हातच्याविना बेरीज नेमकी हीच. सर्व्हरने दोन्ही वेळा बरोबर हिशेब केला आणि उत्तर काय आलं हे त्याला दोन्ही वेळा कळलं नाही.

उत्तरही बंदच राहतं, हा मुद्दा बऱ्याचदा निसटतो. निकाल फक्त किल्लीवाल्याला वाचता येतो. सर्व्हरने निकाल बघून पुढे स्वतःच काही ठरवावं, म्हणजे एखादा संशयास्पद व्यवहार तिथल्या तिथे थांबवावा, अशी अपेक्षा असेल तर ती या पद्धतीने पुरी होत नाही.

नॉइज कशाला घालायचा, असं कुणी विचारेल. तो नसता तर ० या बिटाची प्रत्येक संख्या किल्लीच्या नेमक्या पटीत आली असती. अशा दोन-तीन संख्यांचा मसावि काढला की किल्ली हातात. नॉइजमुळे संख्या पटीच्या जरा इकडेतिकडे पडतात आणि मसावि काढायची युक्ती फसते. खऱ्या वापरात किल्ली हजारो बिटांची आणि एन्क्रिप्ट केलेली संख्या लाखो बिटांची असते. आपली १००१ कुणीही क्षणात शोधून काढेल.

गैरसमज: एकदा एन्क्रिप्ट केलं की त्यावर हवे तेवढे हिशेब करत जावं

आपलंच उदाहरण पुढे नेऊ. सुरुवातीला नॉइज ७ आणि ५ होता, गुणाकारानंतर ३५ झाला. आता सर्व्हरने त्या गुणाकाराचा पुन्हा त्याच्याशीच गुणाकार केला, तर नॉइज ३५ गुणिले ३५, म्हणजे १,२२५ होतो. पण किल्ली १००१ ची आहे. भागल्यावर १,२२५ बाकी उरूच शकत नाही, उरते २२४. २२४ सम, म्हणून उत्तर ०. खरं उत्तर १ आहे.

इथे काही बिघडल्याची सूचना कुठेच मिळत नाही. संख्या नेहमीसारखीच दिसते, उघडली की नेहमीसारखाच एक बिट देते, आणि तो चुकीचा असतो. आज वापरात असलेल्या पद्धती पूर्णांकांऐवजी बहुपदींवर चालतात आणि त्यांची सुरक्षितता ओडेड रेगेवने २००५ मध्ये मांडलेल्या वेगळ्या गणिती कोड्यावर उभी आहे, पण नॉइजची ही वागणूक तिथेही तशीच आहे. बेरजेने तो सावकाश वाढतो, गुणाकाराने झपाट्याने. म्हणून या क्षेत्रात काम करणारा माणूस एकूण किती क्रिया आहेत हे नंतर विचारतो. एकामागोमाग एक किती गुणाकार करावे लागणार, हे आधी विचारतो. किती नॉइज मावेल याला तो ‘नॉइज बजेट’ म्हणतो. एखाद्या क्षणी ते नेमकं किती उरलंय हे मोजायला गुप्त किल्लीच लागते. सर्व्हर फक्त कागदावरचा अंदाज बांधू शकतो. त्यामुळे हिशेबाचा आराखडा आधी स्वतःच्या यंत्रावर, किल्ली हाताशी ठेवून, माहीत असलेल्या उत्तरांवर तपासूनच पुढे पाठवावा लागतो.

जेंट्रीची कामगिरी इथली आहे. त्याचा विचार असा: नॉइज काढून टाकण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे संख्या उघडणं. मग उघडण्याची क्रिया हाही एक हिशेबच आहे, तो एन्क्रिप्शनच्या आत का करू नये? सर्व्हरला किल्लीच एन्क्रिप्ट करून द्यायची. सर्व्हर नॉइजने भरत आलेली संख्या घेतो आणि त्या बंद किल्लीने ती ‘उघडण्याचा’ हिशेब करतो. बाहेर पडतो तोच बिट, पण अजून बंदच, आणि त्याच्यात फक्त या ताज्या हिशेबाचा नॉइज. जुना गळून गेलेला असतो. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. अट एकच: उघडण्याचा हिशेब इतका उथळ हवा की तो बजेटमध्ये बसून वर निदान एका क्रियेला जागा उरावी. ती साधली की हिशेबाला मर्यादा राहत नाही.

मर्यादा गेली, खर्च आला. २०११ मध्ये जेंट्री आणि हलेवी यांनी ही पद्धत प्रत्यक्ष चालवून पाहिली तेव्हा एका बूटस्ट्रॅपिंगला, सुरक्षिततेची पातळी जशी वाढवू तसं, ३० सेकंदांपासून ३० मिनिटांपर्यंत वेळ लागला. सार्वजनिक किल्ली ७० एमबीपासून २.३ जीबीपर्यंत गेली. एका बिटासाठी अर्धा तास! २०१६ मध्ये आलेल्या टीएफएचई या पद्धतीने तोच वेळ एक दशांश सेकंदाच्या आत आणला आणि पुढच्या सुधारणेत तो साध्या प्रोसेसरवर १३ मिलिसेकंदांवर आला. पाच-सहा वर्षांतली ही घट थक्क करणारी आहे, आणि तिचं बहुतेक श्रेय गणिताला जातं.

गैरसमज: हे अमुक इतके पट मंद आहे

असा एकच आकडा सांगता येत नाही. टीएफएचईमध्ये प्रत्येक लॉजिक गेटमागे एक बूटस्ट्रॅपिंग होतं. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या बेरजेला साध्या मांडणीत बिटामागे पाच, म्हणजे १६० गेट लागतात. गेटमागे १३ मिलिसेकंद धरले तर दोन सेकंद झाले. साधा प्रोसेसर ही बेरीज एका नॅनोसेकंदाच्या आत उरकतो. म्हणजे दोनशे कोटी पटींहून जास्त फरक. आता एका वेळी अनेक बिट हाताळणं आणि ग्राफिक्स कार्डांचा वापर यांमुळे तो बराच कमी झालाय, पण दरी आहेच.

दुसरीकडे बीएफव्ही नावाच्या पद्धतीत एकाच एन्क्रिप्ट केलेल्या वस्तूत हजारो आकडे ओळीने बसवता येतात. प्रचलित मापांपैकी एक घेऊ: ८,१९२ आकड्यांची जागा आणि २१८ बिटांचे सहगुणक, सुरक्षितता १२८ बिटांची. अशी एक वस्तू साधारण ४४६ केबीची होते. तिच्यात चार बाइटचा एकच आकडा ठेवला तर तो लाखाहून जास्त पटींनी फुगला. पण साऱ्या ८,१९२ जागा वीस-वीस बिटांच्या आकड्यांनी भरल्या, तर मूळची माहिती २० केबी आणि फुगवटा साधारण बावीस पट. अशा दोन वस्तूंची बेरीज मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होते आणि तेवढ्यात ८,१९२ बेरजा झालेल्या असतात.

म्हणजे मंदपणा हिशेबाच्या स्वरूपावर ठरतो. १९७८ च्या त्या कंपनीचेच दोन प्रश्न या मापात घालून बघू. तिची ८,१९२ कर्जं आहेत आणि ती सगळी एका वस्तूत मावली आहेत.

सरासरी थकबाकी हा सोपा प्रश्न आहे. ओळीतले आकडे आपापसांत मिळवायचे तर ओळ फिरवून स्वतःतच मिळवावी लागते. आधी निम्म्या अंतराने, मग पावाने, असं १३ वेळा केलं की प्रत्येक जागी एकूण बेरीज येते. गुणाकार एकही नाही, म्हणून नॉइज आटोक्यात. बूटस्ट्रॅपिंगची गरज नाही. भागाकार मात्र सर्व्हरने करायचाच नाही. बंद बेरीज कंपनीला पाठवायची, तिने उघडून ८,१९२ ने भागायचं. या सोप्या प्रश्नातही एक खड्डा आहे. जागेत वीस बिटांचा आकडा मावतो, म्हणजे दहा लाखांच्या जरा वरचा. बेरीज त्यापलीकडे गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि तीही मुकाट्याने. हजारो कर्जांची बेरीज नक्कीच पलीकडे जाणार. म्हणून रक्कम तुकडे करून ठेवावी लागते किंवा मापंच मोठी निवडावी लागतात.

पाच हजारांवरची कर्जं किती, हा प्रश्न माणसाला सरासरीपेक्षा सोपा वाटेल. इथे तो कितीतरी अवघड आहे, कारण सर्व्हरच्या हाती फक्त बेरीज आणि गुणाकार आहेत, लहान-मोठं ओळखणं नाही. तुलना करायची तर संख्येचे बिट सुटे करून ठेवायचे आणि गुणाकारांच्या थरांतून निकाल काढायचा. १६ बिटांना असे चार-पाच थर लागतात आणि प्रत्येक थर बजेट खातो. ‘जर असं असेल तर हे, नाहीतर ते’ ही प्रत्येक प्रोग्रॅममधली साधी गोष्टही अशीच अडते. अट खरी ठरली का हे सर्व्हरला दिसतच नाही, म्हणून तो दोन्ही वाटा पूर्ण चालतो आणि शेवटी `b·x + (1−b)·y` असं लिहून एक बाजू शून्य करतो. साध्या प्रोग्रॅमला मिळणारा वेग बराचसा नको ते काम टाळण्यातून येतो. इथे टाळायची सोय नाही.

जाणकार अशा वेळी प्रश्नच बदलतात. कंपनीने माहिती बंद करतानाच प्रत्येक कर्जासोबत ‘पाच हजारांवर आहे का’ असा ० किंवा १ ठेवला, तर दुसरा प्रश्नही निव्वळ बेरजेचा होतो. या क्षेत्रातले यशस्वी प्रयोग बव्हंशी असेच आहेत: अवघड भाग किल्लीवाल्याच्या यंत्रावर आधीच उरकून घेतलेला.

गैरसमज: चिप वेगवान झाल्या की प्रश्न सुटेल

काही अंशी सुटेल. अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने २०२१ मध्ये खास यासाठी चिप बनवण्याचा उपक्रम सुरू केला आणि इंटेलसारख्या कंपन्या त्यात उतरल्या. पण अडचण निव्वळ गणिताच्या वेगाची नाही. सीकेकेएस ही दशांश संख्यांची पद्धत बूटस्ट्रॅपिंगसह वापरायची तर ६५,५३६ सहगुणकांची आणि पंधराशे बिटांच्या आसपासची मापं लागतात. एक वस्तू साधारण २५ एमबीची होते. ओळ फिरवायला वेगवेगळ्या साहाय्यक किल्ल्या लागतात, त्या सगळ्या मिळून काही जीबी. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, चपळ स्मृतीत हे मावत नाही. गुणाकार करणारे भाग तयार असतात आणि माहिती मेमरीतून यायची वाट बघत बसतात.

शोधाच्या बाबतीत तर चिपही हतबल आहे. दहा लाख फोन नंबरांच्या क्रमवार यादीतून एक नंबर साधा संगणक वीसेक तुलनांत शोधतो. एन्क्रिप्ट केलेल्या नंबरासाठी सर्व्हरला दहाच्या दहा लाख नोंदींना हात लावावा लागतो. त्याने एक जरी नोंद सोडली तर ‘ती नक्की नाही’ एवढं त्याला कळलं, आणि वचन मोडलं. कितीही वेगवान यंत्र आणलं तरी हे काम यादीच्या लांबीइतकंच राहतं. पाहिजे तर यादीचे गट पाडता येतात, पण मग कोणत्या गटात शोधायचं हे सर्व्हरला सांगावं लागतं, आणि तेवढी माहिती बाहेर जाते.

अॅपलने नेमका हाच व्यवहार केला. आयओएस १८ मध्ये अनोळखी कॉल कुणाचा हे विचारण्यासाठी बीएफव्ही वापरलंय. फोटोतली प्रसिद्ध स्थळं ओळखण्यासाठीही तेच. दुसऱ्या सोयीत फोन फोटोतल्या स्थळाचं अंकांत वर्णन तयार करतो, ते एन्क्रिप्ट करतो आणि कोणत्या गटात शोधायचं तो क्रमांक सोबत पाठवतो. सर्व्हर त्या गटातल्या प्रत्येक स्थळाशी साम्य मोजून बंद उत्तरं परत देतो, अंतिम निवड फोनवर होते. गटाचा क्रमांक उघडा राहतो, म्हणून फोन अधूनमधून खोट्या विचारणाही पाठवतो. विचारणा कुठून आली हे एन्क्रिप्शन लपवत नाही, म्हणून ती तिसऱ्याच कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरवरून जाते. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही आपला पासवर्ड फुटलाय का हे तपासायला २०२१ पासून होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन आहे. प्रयोगशाळेबाहेर ते आलेलं आहे, फक्त लहान आणि काळजीपूर्वक कोरलेल्या हिशेबांपुरतं.

गैरसमज: सर्व्हरला काही दिसत नाही, म्हणजे धोका नाही

पहिल्या उदाहरणातली ५७,०६४ ही संख्या परत घ्या. सर्व्हरने तिच्यात नुसता १ मिळवला तर ५७,०६५ होते. १००१ ने भागल्यावर बाकी ८, म्हणजे बिट ०. किल्ली नसताना, बिट काय होता हे माहीत नसताना, त्याने तो उलटा केला. ज्या गुणामुळे बंद माहितीवर हिशेब करता येतो, त्याच गुणामुळे ती बदलताही येते. सर्व्हरने सांगितलेलाच हिशेब केला की दुसराच, हे होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन सांगत नाही. त्यासाठी वेगळे पुरावे लागतात आणि त्यांचा खर्च वेगळा.

दुसरा धोका उघडलेल्या उत्तराचा आहे, आणि तो २०२१ मध्ये बैयू ली आणि डॅनिएले मिचांचो यांनी दाखवून दिला. आपण उत्तर वाचताना बाकी सम की विषम एवढंच बघितलं. समजा एखाद्याने ‘बिट १’ न सांगता पूर्ण बाकीच जाहीर केली: पहिल्या संख्येची ७, दुसरीची ५. सर्व्हर ५७,०६४ मधून ७ वजा करतो, ८३,०८८ मधून ५. उरतात ५७,०५७ आणि ८३,०८३. त्यांचा मसावि १००१. किल्ली गेली.

सीकेकेएसमध्ये उघडलेलं उत्तर मुळातच अंदाजे असतं. नॉइज उत्तराच्या शेवटच्या दशांश अंकांत मिसळलेला असतो. ते अंक जसेच्या तसे सर्व्हरपर्यंत परत पोहोचले तर हीच वजाबाकी तिथेही चालते. ली आणि मिचांचो यांनी तेव्हाच्या नावाजलेल्या लायब्ररींवर हे करून दाखवलं. त्यानंतर उपाय निघाला: उत्तर बाहेर देण्याआधी त्यात मुद्दाम नवा, पुरेसा मोठा नॉइज घालायचा. तो किती घालायचा हे हिशेबात नॉइज किती वाढू शकतो यावर ठरतं आणि त्याने उत्तराचे काही अंक निरुपयोगी होतात. त्यामुळे सीकेकेएस वापरणाऱ्याला मापं निवडण्याआधीच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: उघडलेलं उत्तर किल्लीवाल्याजवळच राहणार की आणखी कुणाला दाखवायचं, आणि दाखवायचं असेल तर त्यातले किती अंक.